'हबीबी' : एक शब्द, त्याची रूपे आणि दुकानातील अदब

आखातात कापडाच्या दुकानी नोकरीस निघालेल्या मुलाला आम्ही दोन गोष्टी आवर्जून सांगतो. वार मोजताना कापड ताणू नकोस आणि बाई गिऱ्हाइकाशी बोलताना 'हबीब्ती' म्हणू नकोस. पहिली गोष्ट त्याला लगेच पटते, कारण ती तो येथेच शिकलेला असतो. दुसरी मात्र समजावून सांगावी लागते. मुलगा म्हणतो, "चाचा, हबीबी तर तिकडे सगळेच म्हणतात. मग बाईला हबीब्ती म्हटले तर काय बिघडले?" आजच्या लेखात याच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे.

रत्नागिरी तालुक्यातील आमचे पाली गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. येथून आणि संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांतून मुस्लिम घरांतील माणसे वर्षानुवर्षे दुबई, मस्कत, कुवेत, दोहा येथे जात आली आहेत. तेथून परत येणारा प्रत्येक जण सोबत 'हबीबी' हा शब्द घेऊन येतो. शब्द सर्वांना येतो, पण तो कोणाला म्हणावा आणि कोणाला म्हणू नये हे थोड्यांनाच नीट ठाऊक असते. धंद्यात मात्र नेमके तेच माहीत असावे लागते.

शब्द आपल्या ओळखीचाच आहे

उर्दू शाळेत शिकलेल्यांना हा शब्द परका नाही. मुहब्बत, महबूब, हबीब, अहबाब हे शब्द आपण लहानपणापासून वाचतो. लग्नपत्रिकेत 'दोस्त-अहबाब' असतातच. या सर्वांचे मूळ एकच. हे, बे, बे या तीन अक्षरांतून 'प्रेम' हा अर्थ निघतो. त्यातून 'हबीब' म्हणजे प्रिय, जिवलग. यातील 'हे' मोठी आहे, म्हणजे 'हलवा'तील 'हे'. ती घशातून काढावी लागते. नाजरा शिकविणाऱ्या उस्तादांनी ती आपल्याकडून घोटून घेतलेली असते, तीच येथे कामास येते. 'बी' लांब म्हणावा, जोर त्याच्यावरच पडतो.

आता शेवटचा 'ई'. आपण नमाजमध्ये 'रब्बी' म्हणतो आणि दुआमध्ये 'रब्बना' म्हणतो. रब्ब अधिक ई म्हणजे 'माझा रब', रब्ब अधिक ना म्हणजे 'आमचा रब'. त्याच हिशेबाने हबीब अधिक ई म्हणजे 'माझा प्रिय' आणि हबीब अधिक ना, 'हबीबना', म्हणजे 'आमचा प्रिय'. म्हणून 'हबीबी' हा नुसता 'मित्र' नव्हे. त्यात 'माझा' हा शब्द दडलेला आहे. पुढे अदबीचा जो प्रश्न येतो तो या 'माझा' मुळेच येतो. हाक मारताना आधी 'या' लावतात, 'या हबीबी'. हा 'या' म्हणजे आपल्या 'या अल्लाह', 'या रब' मधलाच.

बाईसाठी 'त' कोठून येतो

पुरुषवाचक शब्दाचा स्त्रीवाचक करताना अरबीत शेवटी 'आ'चा उच्चार येतो. वालिद-वालिदा, साहिब-साहिबा, मुअल्लिम-मुअल्लिमा हे आपण उर्दूत रोज वापरतो. तसेच हबीब-हबीबा. आता 'माझी हबीबा' म्हणावयाचे तर 'हबीबाई' होत नाही, 'हबीबती' होते. हा 'त' मधेच कसा आला, असे पुष्कळ जण विचारतात.

खरे तर तो तेथे आधीपासूनच असतो. स्त्रीवाचक शब्दाच्या शेवटी जी गोल 'ते' लिहितात तिला अरबीत 'ता मरबूता', म्हणजे बांधलेली 'ते', म्हणतात. शब्द एकटा असला की ती ऐकू येत नाही. पुढे काही जोडले की ती मोकळी होते. 'मदीना' एकटे म्हणताना 'त' नाही, पण 'मदीनतुन्नबी' म्हणताना आहे. 'फातिमा'मध्ये नाही, पण 'फातिमतुज्जहरा'मध्ये आहे. 'काबा'मध्ये नाही, पण 'काबतुल्लाह'मध्ये आहे. 'हबीबा'ला 'ई' जोडताना नेमके हेच होते आणि 'हबीबती' तयार होते. रोजच्या बोलण्यात मधला स्वर गळतो आणि बाजारात आपल्याला 'हबीब्ती' ऐकू येते. पुस्तकी आणि बोली रूप यांत फरक आहे तो एवढाच.

हा नियम एकदा कळला की दुसरा एक उपयोगी शब्द फुकट मिळतो. खाला अधिक ई म्हणजे 'खालती', अर्थात 'माझी खाला'. दुकानदाराला 'हबीब्ती'पेक्षा या शब्दाची गरज कितीतरी अधिक पडते. ते पुढे येईलच.

अनेकांसाठी

एकापेक्षा अधिक माणसे असली की 'हबीब'चे अनेकवचन घ्यावे लागते. पुस्तकी अरबीत 'अहिब्बा' आणि 'अहबाब' अशी दोन्ही रूपे आहेत. त्यांना 'ई' लावून 'अहिब्बाई' आणि 'अहबाबी' होते. मशिदीतील बयानात किंवा टीव्हीवर ही रूपे ऐकू येतात. बाजारात मात्र 'हबायब' हे अनेकवचन चालते, त्याचे 'हबायबी'. पुरुष असोत, स्त्रिया असोत वा मिश्र मंडळी असोत, बोलीत हे एकच रूप सर्वांना पुरते. केवळ स्त्रियांसाठी पुस्तकी रूप 'हबीबाती' आहे. एका स्त्रीसाठी 'हबीबती', अनेक स्त्रियांसाठी 'हबीबाती'. फरक फक्त 'बा'च्या लांबीचा आहे. व्याकरणात दोघांसाठी वेगळे द्विवचनही आहे, पण दुकानात ते लागत नाही.

वहीत उतरवून घ्यावे असे थोडक्यात कोष्टक :

- एका पुरुषास : हबीबी
- एका स्त्रीस : हबीबती (बोलीत हबीब्ती)
- अनेकांस : अहिब्बाई, अहबाबी (बोलीत हबायबी)
- केवळ अनेक स्त्रियांस : हबीबाती (बोलीत हबायबी)
- 'माझा' ऐवजी 'आमचा' : हबीबना

कान कसा फसतो

व्याकरण येथे संपले. आता अडचणीचा भाग. आपला मुलगा भाषा पुस्तकातून शिकत नाही, काउंटरमागे उभा राहून कानाने शिकतो. तेथे त्याला तीन गोष्टी दिसतात. पहिली, अरब पुरुष एकमेकांना बिनदिक्कत 'हबीबी' म्हणतात. त्यात मैत्रीपलीकडे काही नसते. टॅक्सीवाला, हॉटेलवाला, पोलीस, सर्वांच्या तोंडी तो असतो. दुसरी, नवरा आपल्या बायकोला 'हबीब्ती' म्हणतो आणि बायकाही एकमेकींना तसेच म्हणतात. तिसरी गोष्ट गोंधळात टाकणारी आहे. आई आपल्या मुलीलाही कधी 'हबीबी' म्हणते आणि गाण्यांत तर स्त्रीला उद्देशूनही पुष्कळदा पुरुषवाचक 'हबीबी'च येते. लाडाच्या बोलण्यात पुरुषवाचक रूप असे सर्रास चालते.

यावरून मुलगा हिशेब मांडतो की पुरुष गिऱ्हाइकाला हबीबी, तर बाई गिऱ्हाइकाला हबीब्ती. व्याकरणाच्या दृष्टीने हिशेब बिनचूक आहे, व्यवहाराच्या दृष्टीने मात्र चूक आहे. पुरुषाने पुरुषाला म्हटलेले 'हबीबी' वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे, आपल्याकडील 'दोस्ता' किंवा 'भावा'सारखे. पण परक्या पुरुषाने परक्या बाईला म्हटलेल्या 'हबीब्ती'त 'माझी प्रिय' हा मूळ अर्थ जसाच्या तसा जागा असतो. 'त' वाढला एवढेच नव्हे, शब्दाचे वजनच बदलले. पालीच्या बाजारात दुकानातील पोऱ्या परक्या बाईला 'माझ्या लाडके' म्हणाला तर काय होईल याचा विचार करावा, म्हणजे खुलासा होईल.

आमच्या ओळखीच्या एका मुलाचे असेच झाले. येथे वर्षभर कापडाचे काम शिकून तो आखातातील एका दुकानात लागला. हुशार होता, महिन्याभरात पन्नास-साठ अरबी शब्द त्याने पाठ केले. एके दिवशी नवरा-बायको अबायाचे काळे क्रेप पाहावयास आले. नवरा बायकोला 'हबीब्ती' म्हणून रंगाबद्दल विचारीत होता. मुलाने दुसरा तागा उलगडला आणि मोठ्या अदबीने म्हणाला, "हबीब्ती, शूफी हाजा", म्हणजे हे पाहा. नवऱ्याने हातातील कापड खाली ठेवले, "ती तुझी हबीबा नव्हे" एवढेच सांगितले आणि दोघे बाहेर पडले. मालकाने मुलाला त्याच दिवशी काउंटरवरून काढून गोदामात ताग्यांवर चिठ्ठ्या लावण्यास बसविले. पगार तोच राहिला, पण विक्रीवरचे कमिशन गेले. काउंटरवर परत यावयास त्याला चार महिने लागले. हेतू वाईट नव्हता, शब्दही व्याकरणाने बरोबर होता. तरी नुकसान झाले.

असे बोलून गेल्यास समोरचा नेहमी रागावून सांगतोच असे नाही. बाई तुमच्याशी बोलणे थांबवून सोबतच्या पुरुषाशीच बोलू लागते, किंवा उत्तर देताना 'या अखी', म्हणजे 'माझ्या भावा', असे मुद्दाम ठसवून म्हणते. ती मर्यादा आखून देत असते. अशा वेळी खुलासे करीत बसू नये. 'अफवन, या उख्ती', म्हणजे 'माफ करा, भगिनी', एवढे म्हणावे आणि पुढील माल दाखवावा.

मग काय म्हणावे?

अरबांची पद्धत येथे आपल्यासारखीच आहे. आपण दुकानात बाईला ताई, वहिनी, मावशी, आपा, खाला म्हणतो, पुरुषाला भाऊ, मामा, काका, चाचा म्हणतो. नाते जोडले की अदब आपोआप येते. अरबीतही तेच करावे.

साधारण समवयस्क बाईला 'उख्ती', माझी बहीण. वयस्कर बाईला 'खालती', माझी खाला. समवयस्क पुरुषाला 'अखी', माझा भाऊ. वयस्कर पुरुषाला 'अम्मी'. हा शब्द ऐकून आपली मुले हसतात, कारण आपल्या घरात अम्मी म्हणजे आई. येथे 'अम्म' म्हणजे चुलता, त्याला 'ई' जोडून 'माझे चाचा'. तो 'ऐन'ने सुरू होतो, म्हणून उच्चारही जरा घशातला आहे. गिऱ्हाइकाच्या मुलाचे नाव ठाऊक असेल तर 'अबू अमुक', 'उम्मे अमुक' अशी कुनियत घेऊन हाक मारणे सर्वांत सन्मानाचे. आखातात वडीलधाऱ्या व मोठ्या माणसाला 'ताल उम्रक', म्हणजे 'तुमचे आयुष्य वाढो', असेही म्हणतात.

एक प्रसंग धरून पाहू. दुबईच्या देरा भागातील दुकानात एक कुटुंब आले. आजी, तिचा चाळिशीचा मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. आत येताच सर्वांना मिळून काय म्हणावे? 'हबायबी' म्हणू नये, कारण त्यात सून आणि आजी दोघी येतात. 'हय्याकुमुल्लाह' म्हणावे. यातील 'कुम' आपल्या 'अस्सलामु अलैकुम'मधील 'कुम'च आहे, तो सर्वांना सामावून घेतो. आजीला खुर्ची देताना 'तफद्दली, या खालती'. तफद्दली म्हणजे 'बसावे, यावे'. पुरुषाला 'तफद्दल', अनेकांना 'तफद्दलू'. 'तफद्दली'मधील 'ई' हा 'माझा'चा नव्हे, बाईला विनंती करतानाची ती क्रियापदाची खूण आहे. दोन 'ई'ची गल्लत करू नये. सुनेला 'उख्ती', तेही गरज पडेल तेव्हाच. भावाची बोलणी मुलाशी चालतील, त्यास 'अखी'. नातवाला मात्र खुशाल 'हबीबी' म्हणावे, घरच्यांना आनंदच होतो. लहान मुलगी असती तर 'या बिन्ती', म्हणजे 'माझ्या मुली', हे अधिक बरे. भाव ठरून, चहा होऊन, मुलाने स्वतः 'शुक्रन या हबीबी' म्हटले तर त्याला 'अफवन या हबीबी' म्हणण्यास हरकत नाही. म्हणजे चार माणसांपैकी एका बालकाला तो शब्द आपण आपणहून म्हटला, एका पुरुषाला त्याने म्हटल्यावर म्हटला आणि दोघी स्त्रियांना म्हटलाच नाही.

यातून एक साधा नियम निघतो. आपल्याहून मोठा, वरिष्ठ, सरकारी अधिकारी किंवा नवा गिऱ्हाईक यांना 'हबीबी' आपण आधी म्हणू नये. त्यांनी म्हटल्यावरही घाई करू नये. मालक नोकराला हबीबी म्हणतो म्हणून नोकराने मालकाला म्हणावे असे होत नाही. येथील शेटजी नोकराला 'अरे राजा' म्हणतात, नोकर शेटजींना 'अरे राजा' म्हणत नाही.

देशाप्रमाणेही फरक पडतो. लेबनॉन व मिसर येथील लोक हा शब्द सढळ हाताने वापरतात आणि तिकडची विक्रेती बाई गिऱ्हाइकाला हबीबी म्हणून जाते. त्यावरून आखाती घरातील स्त्रीबद्दल अंदाज बांधू नये. आपल्या ज्या भगिनी तिकडे शिवणकाम किंवा बुटिक चालवितात त्यांना मात्र ही अडचण नाही. बाईने बाईला 'हबीब्ती' म्हणणे सर्वत्र गोड मानले जाते. पुरुष गिऱ्हाइकाला त्यांनीही 'अखी'च म्हणावे.

सौद्यातील 'हबीबी'

पुरुषांच्या सौद्यातही हा शब्द नीट ऐकावा लागतो. 'या हबीबी' लांबवून, हसून म्हटले तर ओळख वाढते आहे. वाक्याच्या आरंभी तुटक 'हबीबी' आला आणि मागून 'मा यसीर' आले तर अर्थ 'जमणार नाही'. 'हबीबी, आखिर कलाम' म्हणजे शेवटचा शब्द, यापुढे घासाघीस नको. आवाज चढवून नुसतेच 'हबीबी!' म्हटले तर ती ताकीद समजावी. नकाराची धार बोथट करण्यासाठी हा शब्द जेवढा वापरला जातो, तेवढा होकारासाठी वापरला जात नाही.

'हबीबी, बुकरा', म्हणजे 'उद्या', हेही पुष्कळ ऐकावे लागते. माल उचलून पैसे उद्या देण्याची ही गोष्ट असेल तर वहीत रक्कम, तारीख आणि सही घ्यावी. हबीबी हा शब्द उधारीच्या वहीत जामीन म्हणून लिहिला जात नाही.

आता पुष्कळसा व्यवहार मोबाइलवरील संदेशांतून होतो. तेथे आवाज नसतो, हसू नसते, म्हणून लेखी 'हबीबी' आणखी जपून वापरावे. मालाची चौकशी, भाव किंवा तगादा लिहिताना 'अखी अल-करीम' किंवा 'अल-अख अल-फाजिल' हा मायना घ्यावा. स्त्रीला 'अल-उख्त अल-फाजिला', फर्ममधील सर्वांना मिळून 'अल-इख्वा अल-किराम'. फाजिल, करीम, किराम हे शब्द आपल्याला उर्दूतून ठाऊकच आहेत.

सराव

जाणाऱ्या मुलांनी खालील प्रश्नांची उत्तरे आधी स्वतः द्यावीत, मग खाली पाहावे.

१. रोज चहाला येणारा, तुमच्याच वयाचा ओमानी शेजारी दुकानदार.
२. एकटीच कापड पाहावयास आलेली तरुण बाई.
३. काठी टेकत आलेले वृद्ध गृहस्थ.
४. कॉलेजातील पाच ओळखीचे तरुण, नेहमीचे गिऱ्हाईक.
५. गिऱ्हाइकाने तुमच्यासमोर आपल्या बायकोला 'हबीब्ती' म्हटले आणि तुम्हाला तिला रंग दाखवावयाचा आहे.

उत्तरे : १. हबीबी. २. उख्ती. ३. अम्मी. ४. हबायबी चालेल. ५. उख्ती. नवऱ्याचा शब्द नवऱ्याकडेच राहू द्यावा.